पावसाळ्यात दही का लागेना: खानापूरच्या एका खानावळीचं प्रकरण

खानापूर तालुक्यात गोव्याच्या रस्त्याला लागून एक छोटी खानावळ आहे. सकाळी चहा-नाष्टा, दुपारी भाकरी-आमटीचं ताट, आणि ताटासोबत मडक्यातलं दही. हे दही म्हणजेच त्या खानावळीची ओळख. ट्रकवाले मुद्दाम थांबतात, बेळगावहून गोव्याला जाणारी कुटुंबं चार मडकी बांधून नेतात. उन्हाळ्यात दही घट्ट, वर जाड साय, मडकं तिरकं केलं तरी हलत नाही. पण मृग बरसला की तेच दही बिघडतं. सकाळी बघावं तर दूध जेमतेम दाटलेलं, आणि दुपारी बारापर्यंत लागलं तर चमच्याला तार सुटते.

खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्काच म्हणतात. त्यांची तक्रार सरळ होती, "भाऊ, दूध तेच, गवळी तोच, विरजण घरचंच. मग पाऊस लागला की ह्याला धाड कसली भरते?" माझी बरीच वर्षं दुधाच्या धंद्यात गेली आहेत, म्हणून हे गाऱ्हाणं माझ्यापर्यंत आलं. त्यांना मदत करणारा भाचा हुशार पोरगा. त्यानं सोबत आणखी दोन तक्रारी जोडल्या. अकराच्या पुढचा चहा कडू होतो, आणि हौसेनं सुरू केलेली फिल्टर कॉफी रंगाला काळी पण चवीला पाणचट निघते. हुबळी-धारवाडकडची माणसं एकदा पिऊन दुसऱ्यांदा मागत नाहीत.

दह्याचं काम रात्री नऊचं. मी पोचलो दुपारी. मधल्या वेळेत चहा आणि कॉफी बघून झाली. ते बरंच झालं, कारण रात्री दह्यात जे सापडलं त्याचा माग दुपारीच लागला होता.

थर्मामीटरची परीक्षा

मी सोबत सुईचा साधा डिजिटल थर्मामीटर नेला होता, स्वयंपाकघरात वापरतात तसला. कुठलाही नवा थर्मामीटर आधी तपासून घ्यावा. एका पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरायचा, तो भिजेल इतकंच पाणी घालायचं, ढवळायचं आणि सुई मधोमध धरायची. आकडा शून्याच्या आसपास स्थिरावला पाहिजे. तो स्थिरावला. मग भाच्यानं खळखळ उकळत्या पाण्यात सुई धरली आणि म्हणाला, "काका, मीटर बिघडलाय. अठ्ठ्याण्णवच्या वर जाईनाच झालाय."

मीटर ठीक होता. पाणी १०० अंशाला उकळतं ते समुद्रसपाटीला. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी धरावा. खानापूर साडेसहाशे मीटरच्या आसपास, बेळगाव त्याहून शंभरेक मीटर वर. म्हणजे खानापुरात उकळी पावणेअठ्ठ्याण्णव अंशाला, बेळगावात साडेसत्त्याण्णवला. चुलीत आणखी चार लाकडं घातली तरी उघड्या भांड्यातलं पाणी त्याच्या वर जात नाही, नुसती वाफ वाढते. आपल्याकडच्या चहाला ह्या दोन अंशांनी काही बिघडत नाही. पण तो आकडा ठाऊक असला की मीटर खरा की खोटा हे रोज उकळत्या पाण्यातच पडताळता येतं, बर्फ शोधत बसावं लागत नाही.

चहा: अंशांपेक्षा मिनिटं

खानावळीत चहाची भुकटी वापरतात, बारीक दाण्याची, सीटीसी. ह्या भुकटीला कडक उकळीच लागते. ९५ अंशांच्या वर रंग, कडकपणा आणि तरतरी आणणारं कॅफिन दोन-तीन मिनिटांत उतरतं. थर्मासमधल्या ८० अंशांच्या पाण्यात हीच भुकटी घातली तर चहा फिका आणि मातकट लागतो. ग्रीन टीचं उलटं. त्याला ७५ ते ८० अंश पुरे, उकळतं पाणी ओतलं की कडवट होतो. खानावळीत ग्रीन टी कोण मागतो म्हणा!

तेव्हा उकळीत दोष नव्हता. दोष होता तो उकळीनंतर. सकाळी नऊला केलेलं मोठं पातेलं भुकटीसकट मंद आचेवर ठेवायचं आणि लागेल तसा चहा गाळून द्यायचा, ही त्यांची रीत. मी पातेल्यात सुई घातली तर ९१ अंश. म्हणजे उकळी बंद झालेली असली तरी भुकटीतून टॅनिन उतरणं चालूच होतं, आणि सुगंध वाफेबरोबर बाहेर. दुधातलं प्रथिन बरंचसं टॅनिन धरून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा तासभर तग धरतो. त्यापुढं दुधाचंही चालत नाही, जीभ धरल्यासारखी होते. उपाय साधा: उकळून झालं की लगेच गाळायचा आणि गाळलेला चहा मोठ्या थर्मासमध्ये ठेवायचा. भुकटी बाहेर गेली की ८५ अंशांवर ठेवलेला चहा तासभरात फारसा बदलत नाही.

चहाबद्दल आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती खरोखरच काही अंशांची होती. पावसात आल्याचा चहा जोरात खपतो आणि आठवड्यातून एखादवेळी पातेलं फाटतं. अक्का गवळ्याला शिव्या देत होत्या. भाचा घाईच्या वेळी गार दुधातच ठेचलेलं आलं आणि साखर घालून पातेलं मंद आचेवर चढवायचा, म्हणजे वर येऊन सांडायला नको. कच्च्या आल्यात दुधाचं प्रथिन तोडणारं एक विकर असतं. त्याचा जोर ६० अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त. मोठं पातेलं मंद आचेवर असलं की दूध ५० ते ७० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळतं, तेवढ्यात विकर आपलं काम उरकतं आणि पुढं उकळी आली की चहा फाटतो. तेच आलं आधी नुसत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळलं तर विकर मरतं, वास आणि तिखटपणा मात्र राहतो. मग दूध घाला, काही होत नाही. गवळ्यावर संशय असेलच तर बिनआल्याचं वाटीभर दूध वेगळं उकळून बघावं. ते फाटलं तर दूध आंबलेलं, नाहीतर आलं गुन्हेगार. त्या दिवशी वाटीतलं दूध छान उकळलं. गवळी सुटला.

कॉफी: किटलीतला आकडा आणि पुडीतला आकडा

कॉफीच्या पुडीला ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं असं जाणकार सांगतात, आणि ते बरोबर आहे. भाचा म्हणाला, मी तर उकळतंच पाणी ओततो, आणखी किती तापवू? त्याला म्हटलं, ओत आणि सुई पुडीत खोच. वरच्या भांड्यातल्या ओल्या पुडीत आकडा आला ८३.

हिशेब ढोबळ पण डोळे उघडणारा आहे. पितळी किंवा स्टीलचा फिल्टर पावसाळ्यात २२ अंशांवर गार पडलेला. तो पाव किलोहून जड. पुडीही तेवढीच गार. त्यावर पेलाभर, म्हणजे २०० मिली उकळतं पाणी पडलं की आधी भांडं आणि पुडी आपला वाटा ओढून घेतात आणि पाणी एका दमात १२ ते १५ अंश उतरतं. पाणी किटलीत कितीला होतं ह्याला अर्थ नाही. पुडीला भेटलं तेव्हा कितीला होतं ते महत्त्वाचं. उन्हाळ्यात भांडं ३२ अंशांवर असतं, नुकसान दोन अंश कमी होतं, म्हणून एप्रिलमध्ये सुरू केलेली कॉफी बरी लागायची आणि जुलैत लागेना.

मग रंग काळा का? चिकोरीमुळं. त्यांच्या पुडीत चिकोरी तिसरा हिस्सा होती, आणि चिकोरी कॉफीपेक्षा फार सहज विरघळते, कोमट पाण्यातही रंग सोडते. त्यामुळं डिकॉक्शन दिसायला दाट, पण त्यातली कॉफी अर्धीच उतरलेली. अंग नाही, वास नाही, मागं हलकी आंबूस चव. रंगावरून डिकॉक्शन ओळखणारा माणूस इथं हमखास फसतो.

फिल्टरच्या दोन्ही भांड्यांत उकळतं पाणी मिनिटभर भरून ठेवलं, ओतून दिलं, लगेच पूड दाबून पाणी ओतलं. पुडीत आकडा ९० च्या वर आला. बस्स, तेवढंच केलं. हुबळीच्या बसचा एक कंडक्टर तिथंच होता. त्यानं पेला संपवून आणखी एक बाय-टू मागवली. ती दोघांनी मिळून प्यायल्यावर भाच्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासारखं होतं. एकच सूचना उरली. उतरलेलं डिकॉक्शन परत उकळायचं नाही. दूध उकळतं घ्यायचं आणि त्यात डिकॉक्शन ओतायचं. गार झालंय म्हणून ते चुलीवर ठेवलं की वास उडतो आणि करपट कडवटपणा मागं राहतो.

दही: रात्री नऊ ते पहाटे पाच

आता मूळ प्रकरण. चहा-कॉफीत आपण नुसतं काहीतरी विरघळवतो. दह्यात जिवंत जंतूंना कामाला लावतो, तेही रात्रभर. म्हणून इथं फक्त सुरुवातीचा आकडा बघून भागत नाही, पहाटेपर्यंतचे सगळे आकडे बघावे लागतात.

विरजणात कायकाय असतं ते थोडक्यात सांगतो. घरच्या दह्यात दोन स्वभावांचे जंतू एकत्र नांदतात. एक उष्णताप्रिय: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हे त्यातले मुख्य. त्यांना ४० ते ४५ अंश मानवतात. दुसरे मध्यम उष्णतेचे, लॅक्टोकॉकस वगैरे, २५ ते ३० अंशांवर खूश. दोघंही दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो. तो उतरत ४.६ च्या जवळ आला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळी बांधतं. ती जाळी म्हणजेच दही. ४२ अंशांवर हे काम चार-पाच तासांत होतं, ३० वर दहा-बारा तास लागतात, आणि २५ च्या खाली गेलं की रात्र अपुरी पडते.

संध्याकाळी सहाला अक्कांनी बारा लिटर म्हशीचं दूध उकळलं आणि पसरट पातेल्यात झाकून खाली ठेवलं. नऊला त्या भांडी घासून उठल्या, पदराला हात पुसले, साय बाजूला सारून करंगळी मधोमध बुडवली आणि म्हणाल्या, "झालं बघा, बोटाला सोसवतंय." त्यांच्या सासूबाईही असंच बघायच्या.

मी त्याच जागी सुई धरली: ४१ अंश. चांगला आकडा. मग पातेल्याच्या कडेला धरली: ३५. डावानं तळापर्यंत ढवळून परत बघितलं: ३७.५. सायीखालचं मधलं दूध सगळ्यात ऊबदार राहतं, कडेचं आणि तळाचं फरशीला ऊब देऊन गार होतं. अक्कांचं बोट त्या पातेल्यातल्या सगळ्यात गरम जागीच जात होतं.

दुसरी गोष्ट बोटाचीच. भाच्याला दोन वाट्या मांडायला लावल्या, एकीत नळाचं गार पाणी, दुसरीत सोसवेल इतकं कढत. अक्कांनी डावा हात गारात, उजवा गरमात मिनिटभर धरला आणि मग दोन्ही हात एकदमच तिसऱ्या, ३८ अंशांच्या पाण्यात घातले. डाव्याला ते चांगलंच गरम लागलं, उजव्याला कोमटसुद्धा नाही. अक्का हसल्या. "म्हणजे हातच लबाड म्हणायचा." लबाड नव्हे, पण बोटाला अंश कळत नाहीत, आपल्यापेक्षा समोरचं किती गरम एवढंच कळतं. मे महिन्यात त्यांचा हात ऊबदार असतो, तेव्हा ४२ अंशांचं दूध "सोसवतंय" वाटतं. जुलैत गार पाण्यात भांडी घासून आलेल्या हाताला तेच ४२ अंश चटका देतात, म्हणून त्या आणखी थांबतात आणि ३७ ला विरजण लावतात. रीत तीच, बोट तेच, आणि चार-पाच अंशांचा घाटा दर पावसाळ्यात आपसूक होतो.

इथून पुढं घाटा वाढतच जातो. मडकी अर्ध्या लिटरची. खानापूर हे कुंभारकामाचं गाव, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही इथंच आहे, तेव्हा मडकी उत्तम. पण उत्तम मडकं म्हणजे जाड मडकं. रिकाम्याचं वजन अर्ध्या किलोच्या घरात, आणि खोलीत बसून ते २२ अंशांवर गार. दूध ओतून पाच मिनिटांनी बघितलं तर ३५ अंश. फिल्टरनं दुपारी जे केलं तेच मडक्यानं रात्री केलं, ऊब खाल्ली. मडकी ओळीनं कडाप्प्याच्या ओट्यावर मांडली, वर ताटल्या. बाहेर पाऊस, खिडकीतून झुळूक. बारा वाजता भाच्यानं बघितलं, २९. पहाटे पाचला २५ च्याही खाली.

म्हणजे उष्णताप्रिय जंतूंना त्यांच्या आवडीची ऊब रात्रभरात जवळजवळ मिळालीच नाही. त्यांनी सुरुवातीला थोडं काम केलं आणि मग गारठून बसले. काम पुढं रेटलं ते मध्यम उष्णतेच्या जंतूंनी, तेही रडतखडत. त्यातल्या काही जातींना गारव्यात चिकट द्रव सोडायची खोड असते. तीच ती तार.

आता खरी मेख. अक्का आजच्या दह्यातून उद्याचं विरजण काढतात, सगळेच काढतात. गार रात्रीच्या दह्यात गारव्यात वाढणाऱ्यांचीच संख्या जास्त, तेच उद्याच्या दुधात जातात, उद्याची रात्रही गारच. पंधरा-वीस दिवसांत विरजणाची जातच बदलते. मग एखाद्या रात्री ऊब नीट मिळाली तरी जुनं दही परत येत नाही, कारण ती ऊब वापरणारे जंतूच उरलेले नसतात. "विरजण घरचंच" हे अक्कांचं म्हणणं खरं होतं, पण जुलै सरता सरता ते घरचं विरजण मेमधलं राहिलं नव्हतं. त्यात दही लागेना म्हणून त्या दरवर्षी विरजण वाढवत जायच्या, अर्ध्या लिटरला भरलेला डाव. त्यानं लागायला मदत थोडी झाली, पण आंबटपणा आणि गुठळ्या पहिल्यापासूनच दुधात गेल्या, आणि तारही जास्तच आली.

काय बदललं

पहिली खेप भाच्यानं आपल्या मनानं केली. ऊब कमी पडते ना, मग द्या ऊब! ४८ अंशांना विरजण लावलं आणि मडकी चुलीच्या कडेला निखाऱ्यांजवळ मांडली. सकाळी दही लागलं होतं, पण रवाळ, चुलीकडच्या बाजूला भेग पडलेली आणि भेगेत हिरवट पिवळं पाणी. फार ऊब मिळाली की आम्ल भराभर तयार होतं, जाळी घाईनं आणि जाड धाग्यांची बांधली जाते, तिला पाणी धरता येत नाही. थोड्या कमी ऊबेत जाळी सावकाश आणि बारीक विणली जाते, म्हणून घट्ट दह्याला ४५ पेक्षा ४१-४२ बरे. ५० च्या पुढं तर काम थांबतंच, मध्यम उष्णतेचे जंतू मरूनही जातात. चुलीची ऊब एकाच अंगाला लागते हा दोष वेगळाच.

पुढची खेप शिस्तीत झाली. उकळी आल्यावर दूध लगेच न उतरवता मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ढवळत ठेवलं. पहिल्या उताला उतरवलेल्या दुधाचं दही पातळ राहतं. ८५ अंशांच्या वर काही मिनिटं गेली की निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि जाळी भक्कम होते. मग ढवळत ढवळत गार करून, ढवळलेल्याच दुधात सुई धरून, ४४ अंशांवर थांबलो. मडकी कढत पाण्यानं विसळून पालथी घातलेली होती, हाताला चांगली ऊबदार. शेजारच्या गवळ्याच्या घरचं, चुलीमागं ऊबेत लागणारं दही विरजणाला आणलं. ते वाटीभर कोमट दुधात घोटून एकजीव केलं, अर्ध्या लिटरला एक चहाचा चमचा पडेल अशा बेतानं. भरलेल्या मडक्यात आकडा ४२ च्या जवळ.

ऊब टिकवायला काय, तर अक्कांच्याकडं जुनी लाकडी पेटी होती आणि धनगराकडून घेतलेलं जाड घोंगडं. पेटीत तळाला भाताचं पिंजर, त्यावर मडकी एकमेकांना खेटून, वरून घोंगडं, मग झाकण. खेटून ठेवण्याला कारण आहे. एकटं मडकं चारी अंगांनी गार होतं, वीस मडकी मिळून एका मोठ्या भांड्यासारखी वागतात. पेटी ओट्यावर न ठेवता पाटावर ठेवली. पहाटे पाचला घोंगडं उचललं, मधल्या मडक्यात ३६ अंश, कडेच्या मडक्यात ३४.

दही लागलं की नाही हे ढवळून बघायचं नसतं, जाळी तुटते. मडकं हळू तिरकं करावं. दही अख्खं एका अंगाला कलतं, कडेपासून स्वच्छ सुटतं आणि फटीत नितळ पाण्याची बारीक रेघ दिसते. तसं झालं. चमचा घातला तर कड सुरीनं कापल्यासारखी, तार नाही. अक्कांनी चव घेतली आणि काही न बोलता दुसऱ्या मडक्यातलं एक वाटीभर विरजणाला बाजूला काढलं.

कडेची मडकी किंचित सैल होती. ती ओळ पेटीच्या मध्यावर आणि मधली कडेला असं रोज आलटून पालटून ठेवतात. त्यानं कडेचं मडकं कडेलाच राहणार हे उघड आहे, पण अक्कांचं समाधान होतं, मी वाद घातला नाही. कडेच्या मडक्यांत दूध एक अंश जास्त गरम भरायचं, हा खरा उपाय भाच्यानं गुपचूप सुरू केला आहे.

पेटीतून काढायची वेळही सांभाळावी लागते. दही लागलं म्हणून जंतू थांबत नाहीत, ऊबेत ते आंबवत राहतात. पाचला काढून गार जागी ठेवलेलं दही दुपारच्या ताटाला गोडसर असतं. आठपर्यंत पेटीत राहिलेलं दही बाराला आंबट लागतं. एखाद्या मडक्यात बुडबुडे किंवा भोकं दिसली, वास यीस्टसारखा आला किंवा वर रंगीत ठिपके आले तर ते मडकं चाखूनही बघू नये. तिथं भलतंच काही वाढलेलं असतं, आणि त्यातून विरजण तर मुळीच घेऊ नये.

थंडीत हिशेब पुन्हा बदलतो. पावसाळ्यात हवा ओलसर, त्यामुळं मडक्याच्या अंगावरून पाणी फारसं वाळत नाही, घाटा होतो तो मडक्याच्या वजनाचा आणि गार खोलीचा. डिसेंबरात रात्री पारा चौदा-पंधरापर्यंत येतो आणि वारा कोरडा. मडक्यातून पाझरलेलं पाणी वाळत राहतं आणि माठासारखं मडकं स्वतःच गार होत जातं. हाच गुण एप्रिलमध्ये दही वाचवतो आणि थंडीत मारतो. त्या दिवसांत पेटीत गरम पाण्याची एक बंद कळशी मध्यावर ठेवायची आणि घोंगड्याखाली केळीचं पान पसरायचं, म्हणजे ओल बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात पेटीच नको. दूध ३८ ला आणायचं, विरजण निम्मं करायचं, मडकी उघड्या ओट्यावर ठेवायची. खोली तीसच्या आसपास असली की रात्रीत दही आपोआप लागतं.

थर्मामीटर मी तिथंच ठेवून आलो. अक्का अजून आधी करंगळी बुडवतात, आकडा बोलून दाखवतात, आणि मग भाचा सुई धरतो. परवा त्या म्हणाल्या एक्केचाळीस, मीटरनं दाखवले साडेएक्केचाळीस. पण त्या दिवशी भांडी भाच्यानं घासली होती.